पुस्तक अर्ध्यावर थांबलं: पैसे, नाव आणि कच्चा खर्डा कुणाचा?

"मॅडम, उद्यापासून येऊ नका. पुस्तकाचं आम्ही दुसरीकडे बघतोय. तुमच्याकडचं सगळं मटेरियल पाठवून द्या."

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीमालकांच्या मुलाचा हा व्हॉट्सअ‍ॅप निरोप मला रात्री साडेदहाला आला. वडिलांच्या आत्मचरित्राचं शब्दांकन मी करत होते. बारापैकी सात प्रकरणं लिहून झाली होती. सातव्या प्रकरणात भावाभावांच्या वाटणीचा विषय होता. तो मुलानं वाचला आणि काम थांबलं.

मी चौदा वर्षं हे काम करते आहे. दुसऱ्याचं आयुष्य ऐकायचं, ते त्याच्याच आवाजात कागदावर उतरवायचं आणि मुखपृष्ठावर नाव त्याचं. आपल्याकडे याला शब्दांकन म्हणतात. लेखकाचं नाव कुठेच येणार नसेल तर त्याला घोस्ट रायटिंग म्हणतात. आत्मचरित्रं, कंपन्यांचे इतिहास, नेत्यांची पुस्तकं अशी भरपूर लिहिली जातात आणि त्यातली बरीच छापखान्यापर्यंत पोचतच नाहीत. पुस्तक नीट छापून आलं तर भांडण होत नाही. मधेच थांबलं की तीन प्रश्न एकदम उभे राहतात. झालेल्या कामाचे पैसे किती, नाव कुणाचं आणि लिहिलेले कागद कुणाचे? लोक या तिन्हींची एकच गाठ मारतात आणि मग ती सुटत नाही. ते वेगवेगळे सोडवावे लागतात.

"आयुष्य माझं, मग शब्द माझे नाहीत का?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि तो मनापासून विचारलेला असतो. माणसानं सत्तर वर्षं काढलेली असतात, लिहिणारीनं सहा महिने. मग मालकी तिची कशी?

शिंप्याचं उदाहरण घेऊ. कापड तुमचं, शिलाई त्याची. आयुष्यातल्या घटना हे कापड आहे. त्या घटनांवर कुणाचाच कॉपीराइट नसतो, तुमचाही नाही आणि माझाही नाही. कॉपीराइट म्हणजे एखादी गोष्ट ज्या विशिष्ट शब्दांत मांडली, त्या मांडणीची नक्कल करू देण्याचा किंवा न देण्याचा हक्क. हा हक्क शिलाईवर असतो. फरक इतकाच की शिवलेला सदरा उसवून कापड परत देता येतं, लिहिलेल्या पानातून घटना आणि शब्द असे उसवून वेगळे करता येत नाहीत. म्हणून भांडण होतं.

ते मोजायचं कसं हे मी त्या फाउंड्रीच्या कामात शिकले. फाउंड्रीमालकांशी, म्हणजे काकांशी, माझ्या बावीस बैठका झाल्या होत्या. प्रत्येक बैठकीचं रेकॉर्डिंग होतं आणि त्याचा शब्दशः उतारा मी टाइप करून ठेवला होता. भट्टी पहिल्यांदा बंद पडली त्या दिवसाबद्दल उताऱ्यात एवढंच आहे: "भट्टी बंद पडली ताई. कामगारांना घरी जा म्हणालो. मीपण गेलो." माझ्या खर्ड्यात तो प्रसंग दीड पानाचा आहे. कामगार एकेक करून डबे उचलतात, साच्याच्या ओल्या वाळूचा वास तसाच राहतो, आणि शेवटी काका स्वतः दिवा मालवतात. दिवा कुणी मालवला हे मी नंतर त्यांना विचारून घेतलं होतं. वाळूचा वास मात्र त्यांनी कधीच सांगितला नव्हता. मी तिथे उभी राहिले होते तेव्हा तो मला आला होता.

म्हणजे "भट्टी बंद पडली, सगळे घरी गेले" हे काकांचं. कुणीही नवा लेखक ते पुन्हा लिहू शकतो. वाळूचा वास, प्रसंगांचा क्रम, परिच्छेद कुठे तोडला, शेवट कुठे केला, हे माझं. कुठलंही वाक्य उताऱ्याशी ताडून बघा. उताऱ्यात तेच शब्द असतील तर ते सांगणाऱ्याचे, नसतील तर बहुधा लिहिणाऱ्याचे. हा काही कायद्यातला नियम नाही, पण टेबलावर बसून वाद मिटवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही. म्हणून उतारे जपून ठेवा. सांगणाऱ्यानंही ठेवावेत आणि लिहिणाऱ्यानंही.

"पण मी पैसे मोजलेत!"

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये पहिला मालक कोण हे सांगितलं आहे. लग्नात पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला, तर वेगळं काही ठरलं नसेल तर फोटोंचा पहिला मालक तुम्ही. पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र किंवा चित्रपट यांनाही तोच नियम. त्या यादीत लेखन मात्र नाही. पगारावर असलेल्या नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालकी मालकाची. पण स्वतंत्रपणे, ठरावीक मानधनावर लिहून देणारी व्यक्ती नोकर नसते. म्हणजे मी लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट, मी तो लिहून देईपर्यंत माझाच.

आणि लिहून देणं याचा अर्थ अक्षरशः लिहून देणं. कलम १९ प्रमाणे कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचं असावं लागतं. तोंडी "सगळं तुमचंच आहे हो काका" म्हटल्यानं काही हस्तांतरित होत नाही. पैसे बँकेत जमा झाले म्हणूनही नाही.

म्हणजे सगळं लिहिणाऱ्याच्या हातात, असं समजू नका. या बाबतीत आपल्याकडचा एक मोठा खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. मौलाना अबुल कलाम आझादांचं 'इंडिया विन्स फ्रीडम' १९५९ साली प्रसिद्ध झालं. मौलाना उर्दूत सांगत, हुमायून कबीर टिपणं घेत आणि इंग्रजी खर्डा तयार करत. मौलाना तो खर्डा वाचून दुरुस्त्या सुचवत. मजकुराची सुमारे तीस पानं मात्र मोहोरबंद करून कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली होती. मौलानांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १९८८ मध्ये ती उघडायची वेळ आली तेव्हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं म्हटलं, सांगणारा आणि लिहिणारा यांचं इतकं जवळचं बौद्धिक सहकार्य असेल तर दोघंही संयुक्त लेखक.

इंग्लंडमध्ये १९३७ साली एका जॉकीच्या आठवणींबाबत नेमका उलट निकाल लागला होता. त्यानं पत्रकाराला किस्से सांगितले, पत्रकारानं आपल्या शब्दांत लिहिले. न्यायालयानं लेखक म्हणून पत्रकारालाच मानलं. दोन निकालांत फरक पडतो तो सहभागाचा. नुसते किस्से सांगितले की ओळीओळीवर बसून काम केलं? काकांनी पहिली दोन प्रकरणं पेन्सिलीनं भरून टाकली होती, शब्द बदलले होते, एक अख्खा परिच्छेद स्वतःच्या हातानं लिहिला होता. त्या दोन प्रकरणांवर मी एकटीनं हक्क सांगितला असता तर ते खरं झालं नसतं.

संयुक्त मालकीची अडचण मोठी आहे. आपल्या न्यायालयांचा कल असा आहे की एका मालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय छापायची परवानगी देता येत नाही. दोन भावांच्या सामाईक विहिरीवर एकट्यानं मोटर बसवावी, तसं ते होतं. म्हणून सहलेखक वेगळे होताना "ज्याचं त्याचं" म्हणून उठून जाऊ नये. कुठली प्रकरणं कुणाची हे प्रकरणवार लिहावं. जी मिसळून गेली आहेत ती एकानं दुसऱ्याला लेखी देऊन टाकावीत, नाहीतर दोघांनीही वापरणार नाही असं लिहावं. यापैकी काहीच केलं नाही तर ते पुस्तक कोणताही शहाणा प्रकाशक हातात घेत नाही.

झालेल्या कामाचे पैसे कसे मोजायचे?

आमचा करार तीन लाखांचा होता. सही झाल्यावर ७५ हजार, सहा प्रकरणांच्या खर्ड्यावर ७५ हजार, पूर्ण खर्ड्यावर एक लाख, अंतिम हस्तलिखितावर ५० हजार. काम थांबलं तेव्हा मला दीड लाख मिळाले होते. मुलाचं म्हणणं, सहा प्रकरणांचे पैसे दिले, सातवं आम्हाला पसंत नाही, हिशेब संपला. मला सुरुवातीला वाटत होतं पुढचा एक लाखाचा हप्ता मिळायला हवा, कारण काम त्यांनी थांबवलं. दोघांचंही चुकत होतं.

हप्ते हे पैसे कधी द्यायचे याचं वेळापत्रक असतं, कामाची किंमत नसते. प्रकरणं मोजूनही भागत नाही. बारापैकी सात म्हणजे १ लाख ७५ हजार, हा हिशेब सरळ दिसतो, पण शब्दांकनात कष्टाचा मोठा भाग पहिलं प्रकरण लिहायच्या आधीच संपलेला असतो. म्हणून मी तीन लाखांची कामाप्रमाणे फोड करून त्यांच्यापुढे ठेवली. मुलाखती आणि उतारे यांना ३५ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार. बैठका सगळ्या झाल्या होत्या, म्हणून पूर्ण. प्रकरणांच्या आराखड्याला १० टक्के, ३० हजार, तोही पूर्ण. पहिल्या खर्ड्याला ४० टक्के, १ लाख २० हजार. त्यातला बारापैकी सात प्रकरणांचा वाटा ७० हजार. दुरुस्त्या आणि अंतिम हस्तलिखित यांचे उरलेले १५ टक्के, ते काम झालंच नव्हतं, म्हणून शून्य. बेरीज २ लाख ५ हजार, मिळाले दीड लाख, बाकी ५५ हजार.

ही टक्केवारी माझ्या कामाची आहे. कुणाचं संशोधन जास्त असेल, कुणाच्या दुरुस्त्या. करार करतानाच अशी फोड लिहून ठेवली तर नंतर आवाज चढत नाही.

"काम पूर्ण नाही तर पैसे नाहीत" असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना इंग्रजी खटला आहे, १८३१ चा. प्लांशे नावाच्या लेखकाला मुलांच्या पुस्तकमालेसाठी जुने पोशाख आणि चिलखतं यांवर पुस्तक लिहायला सांगितलं होतं, शंभर पौंडांना. त्यानं माहिती गोळा केली, काही भाग लिहिला आणि प्रकाशकानं ती पुस्तकमालाच बंद केली. न्यायालयानं त्याला पन्नास पौंड देववले. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० त्याच भावनेचं आहे. फुकट करायचा हेतू नसताना दुसऱ्यानं तुमच्यासाठी काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. कलम ७३ करार मोडल्यानं झालेल्या नुकसानाबद्दल आहे.

हे उलट्या बाजूनंही लागू आहे. लेखिकेनंच काम सोडलं तर? कोर्ट तिला जबरदस्तीनं लिहायला बसवू शकत नाही. ज्या कामात व्यक्तीची गुणवत्ता महत्त्वाची त्याची अंमलबजावणी कोर्ट करून देत नाही. पण न केलेल्या कामापोटी आगाऊ घेतलेले पैसे तिला परत द्यावे लागतात आणि नव्या लेखकाला जास्त मोजावे लागले तर ते नुकसानही मागता येतं. करारात "सोडल्यास दुप्पट रक्कम परत" असं कलम असलं तरी घाबरू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं.

"आमच्यात तर कागदच झाला नव्हता"

तोंडी करारही करार असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, यूपीआयच्या नोंदी, ईमेलनं पाठवलेली प्रकरणं आणि त्यावर आलेलं "छान झालंय", यातून तो सिद्ध करता येतो. पैशाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. पण इथे एक गोष्ट उलटी पडते आणि ती पैसे देणाऱ्याच्या ध्यानात नसते. कागदच नाही म्हणजे कॉपीराइट दिल्याचाही कागद नाही. त्यामुळे कागद नसताना लेखकाच्या पैशाचा दावा कमजोर होतो, पण मजकुरावरचा त्याचा हक्क पक्का राहतो. दोघांनाही एकमेकांची गरज उरते, म्हणून अशी प्रकरणं बहुतेक वेळा तडजोडीनं मिटतात.

नावाचं काय?

कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखकाला एक वेगळा हक्क देतं. कॉपीराइट विकला तरी "हे मी लिहिलं" असं म्हणायचा हक्क उरतो, आणि मजकुराची अशी मोडतोड झाली की त्यानं लेखकाच्या लौकिकाला धक्का बसेल, तर ती थांबवायचाही. मग नाव न सांगण्याच्या कराराचं काय? हा हक्क सोडून देता येतो असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं मात्र २०१५ मध्ये एका चित्रपटाच्या वादात, स्वेच्छेनं लिहून दिलेला असा त्याग चालतो असं म्हटलं. तेव्हा नाव येणार नसेल तर ते नीट, सुस्पष्ट शब्दांत लिहून घ्यावं. "गोपनीयता पाळीन" एवढ्यावर भागवू नये.

अर्ध्यावर थांबलेल्या पुस्तकात आणखी एक गुंता असतो. पुढचं दुसरा लिहिणार. मग "शब्दांकन" या शब्दापुढे कुणाचं नाव? माझं एकटीचं आलं तर मी न लिहिलेली पाच प्रकरणं माझ्या नावावर जातात, आणि नव्याचं एकट्याचं आलं तर माझी सात त्याच्या नावावर. सातवं प्रकरण बाजूला राहिलं, त्याचं पुढे सांगते. बाकी आम्ही ठरवलं ते असं: आतल्या पानावर "मुलाखती आणि प्रकरणं १ ते ६ यांचं शब्दांकन" म्हणून माझं नाव, आणि छपाईपूर्वी अंतिम मजकूर पंधरा दिवस मला वाचायला द्यायचा. वाचून नाव काढून घ्यावंसं वाटलं तर तेही मी करू शकते. आपल्या नावानं दुसऱ्याची वाक्यं छापली जाणं हाही त्रासच असतो.

न वापरलेले कागद

"सगळं मटेरियल पाठवा" यात चार वेगळ्या वस्तू असतात. कुटुंबाचे फोटो, पत्रं, कागदपत्रं त्यांची. ती लगेच, पोच घेऊन परत द्यावीत, पैशासाठी अडवून ठेवू नयेत. मी ती दुसऱ्याच दिवशी यादी करून पाठवली. रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज आहे, खासगी गोष्टी आहेत. त्याची प्रत त्यांना द्यावी आणि आपल्याकडची हिशेब मिटेपर्यंत पुरावा म्हणून ठेवून मग पुसावी. उताऱ्यांचंही तेच. माझ्या वहीतली टिपणं माझी. खर्डा हा मात्र सौद्याचा विषय.

खर्ड्याचे दोनच सरळ मार्ग आहेत. एक, तो त्यांनी विकत घ्यावा. मग कागदावर कोणती प्रकरणं, कोणते हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश, किती रक्कम हे सगळं हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं लिहिलं नसेल तर घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही की तो संपतो. आत्मचरित्रं वर्षानुवर्षं रेंगाळतात, त्यामुळे घेणाऱ्यानं हे वर्षाचं कलम विसरू नये. दुसरा मार्ग, खर्डा वापरायचा नाही. मग तो नव्या लेखकाला दाखवायचाच नाही. "फक्त संदर्भाला" म्हणून दाखवला की वाक्यं उतरतातच. मुद्दाम नव्हे, कानात बसतात म्हणून. नव्या हस्तलिखितात वाळूचा वास आला तर तो कुठून आला हे मला लगेच कळेल. आणि मीही तो खर्डा नावं बदलून कादंबरी म्हणून खपवायचा नाही. शब्द माझे असले तरी विश्वासानं सांगितलेली गुपितं माझी नाहीत.

प्रकाशकाशी झालेला करार हा तिसरा कागद, तो सांगणारा आणि लिहिणारा यांनी आपसात मोडून मोडत नाही. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांनी डिसेंबर २०१० मध्ये आत्मचरित्राचा करार केला आणि पुढच्या जूनमध्ये तो रद्द करायचं म्हटलं. आगाऊ रक्कम तोवर वकिलांकडे गेली होती. प्रकाशकानं सप्टेंबर २०११ मध्ये तो खर्डा 'अनधिकृत आत्मचरित्र' म्हणून छापून टाकला. आगाऊ रक्कम परत करायची सोय नसेल तर प्रकाशकाला आधी भेटा.

कागदावर काय लिहिलं

आम्ही पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर तीन पानी समाप्तीपत्र केलं. त्यातलं एक वाक्य मी प्रत्येकाला सांगते: "पूर्ण रक्कम जमा झाल्यानंतरच हक्क हस्तांतरित होतील." हे वाक्य नसेल तर सहीबरोबर हक्क जातात आणि पैशाच्या मागे तुम्ही धावता. ५५ हजार सहीच्याच दिवशी आले, संध्याकाळी मी पहिल्या सहा प्रकरणांच्या फाइल पाठवल्या.

सातव्या प्रकरणावर दोन तास गेले. मुलाला ते नष्ट व्हायला हवं होतं. काका इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, ते मी सांगितलंय. खोटं नाही त्यात काही. पण आत्ता नको." शेवटी लिहिलं ते असं: सातवं प्रकरण कुणीही छापणार नाही, नव्या लेखकाला दाखवणार नाही. एकच छापील प्रत बंद पाकिटात काकांकडे राहील आणि ती उघडायला काकांची आणि माझी, दोघांचीही लेखी संमती लागेल. काकांनी पाकिटावर तारीख घातली आणि ते कपाटात, कारखान्याच्या जुन्या खातेवह्यांखाली ठेवलं.